परक्या भाषेत धोक्याचा इशारा

धोक्याचा इशारा म्हणजे समोरच्याच्या शरीराला उद्देशून काढलेला उद्गार. तो ऐकून माणसाने विचार करायचा नसतो. पाऊल थांबवायचे असते, नजर खाली वळवायची असते किंवा अंग बाजूला घ्यायचे असते. घरात, गल्लीत असे उद्गार नकळत तोंडातून निघतात आणि ऐकणाराही नकळत सावरतो. परप्रांतात किंवा परदेशात ही साखळी तुटते. स्थानिक माणूस ओरडतो, पण प्रवाशाला कळत नाही. प्रवाशाला धोका दिसतो, पण स्थानिकाला सांगता येत नाही. अशा जागी उपयोगी पडेल असा इशारा दुसऱ्या भाषेत कसा न्यावा, याचे काही नियम आहेत. ते साध्या भाषांतराच्या नियमांपेक्षा वेगळे आहेत.

इशाऱ्याची तीन कामे

कामाच्या दृष्टीने तोंडी इशाऱ्यांचे तीन गट पडतात. पहिला गट थांबवणाऱ्या शब्दांचा: ‘थांब’, ‘थांबा’. पुढचे पाऊलच धोक्याचे असते तेव्हा तो वापरतात. दुसरा गट जपायला सांगणाऱ्या शब्दांचा: ‘जपून’, ‘सांभाळून’, ‘बघून’. इथे पुढे जायचे आहेच, फक्त लक्ष देऊन जायचे आहे. तिसरा गट वाट मोकळी करायला लावणाऱ्या शब्दांचा: ‘बाजूला’, ‘सरका’. इथे धोका पायाखाली नसतो, तो मागून किंवा समोरून चालत येत असतो.

या तिन्हींच्या जोडीला धोक्याचे नाव येते: पायरी, डोके, गरम, निसरडे, खोल, गाडी. इशारा पूर्ण व्हायला एक काम आणि एक नाव एवढे पुरते. ‘पायरी! जपून!’ या दोन शब्दांत सगळे सांगून होते.

परक्या भाषेत सर्वांत जास्त घोटाळा या तीन गटांची सरमिसळ झाल्याने होतो. इंग्रजीतला सावध करणारा एकच उद्गार तिन्ही कामांना चालतो, म्हणून प्रवासी शब्दसंग्रहात त्याच्यासमोर एकच प्रतिशब्द दिलेला असतो. तो प्रतिशब्द नेमका जपायला सांगणारा असेल आणि समोरचा माणूस उघड्या गटाराच्या काठावर उभा असेल, तर तो जपून पुढचे पाऊल टाकतो. तिथे ‘थांबा’ हाच शब्द हवा होता. म्हणून शब्द पाठ करताना तीन गटांतला निदान एकेक शब्द वेगवेगळा पाठ करावा लागतो.

वेळेचा हिशेब

इशारा छोटा का असावा, हे साध्या हिशेबाने दिसते. सपाट जमिनीवर सामान्य चालीने चालणारा प्रौढ माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर अंतर कापतो. बोलण्याचा वेग सेकंदाला पाचेक अक्षरांचा धरता येतो. ‘कृपया सांभाळा, पुढे एक पायरी खाली उतरलेली आहे’ या वाक्याचे उच्चारात अठरा तुकडे पडतात. ते बोलून होईपर्यंत साडेतीन सेकंद जातात आणि तेवढ्यात माणूस चार मीटर पुढे गेलेला असतो. ‘पायरी!’ हा एकच शब्द अर्ध्या सेकंदाच्या आत बोलून होतो. त्या वेळात माणूस जेमतेम अर्धा मीटर सरकतो.

शब्द कानावर पडल्यावर पाय प्रत्यक्ष थांबायलाही वेळ लागतो. तो एक सेकंद धरला तर आणखी 1.2 मीटर जातात. म्हणजे एका शब्दाचा इशाराही धोका निदान तीन पावले दूर असतानाच द्यायला हवा. त्याहून कमी अंतर उरले असेल तर शब्दाची वाट न पाहता हात आडवा धरणे किंवा दंड पकडणे हाच उपाय राहतो.

लंडनच्या भुयारी रेल्वेतली प्रसिद्ध सूचना याच हिशेबातून आली. तिथली काही स्थानके वळणावर आहेत. सरळ डबे वळणदार फलाटाला चिकटून उभे राहू शकत नाहीत, म्हणून मध्ये फट राहते. त्या फटीकडे लक्ष वेधणारी ध्वनिमुद्रित सूचना 1968 च्या सुमारास सुरू झाली. चालक आणि फलाटावरचे कर्मचारी दर गाडीला तोंडाने सांगत राहणे शक्य नव्हते. त्या काळी ध्वनी साठवणारी अंकीय यंत्रे महाग होती आणि त्यांत थोडाच मजकूर मावत असे. म्हणून सूचना तीन लहान शब्दांत बसवली आणि तीच फलाटाच्या कडेवर रंगवलीही. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत पायदान आणि फलाट यांतल्या अंतराविषयी सूचना दिल्या जातात, त्यांचा आशय तोच असला तरी त्या पूर्ण वाक्यांच्या असतात. गाडी थांबण्याआधी सांगायला वेळ असतो, म्हणून तिथे ते चालून जाते. पाय उचललेल्या माणसाला वाचवायला वाक्य कामाला येत नाही.

क्रियापद शेवटी येण्याची अडचण

मराठी आणि भारतातल्या बहुतेक भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. मराठीत आज्ञेतला नकार तर त्याच्याही मागे येतो. ‘पुढे जाऊ नका’ या वाक्यात ‘नका’ सर्वांत शेवटी उच्चारला जातो. गर्दीत, वाऱ्यात किंवा धबधब्याच्या आवाजात शेवटचा शब्द हरवला, तर कानावर फक्त ‘पुढे जाऊ’ एवढेच पडते. अर्थ उलटा होतो. भाषा अर्धवट येणाऱ्या परक्या माणसाच्या बाबतीत हा धोका दुप्पट, कारण त्याला ‘पुढे’ आणि ‘जा’ हे शब्द माहीत असतात, पण नकाराचे रूप ओळखू येत नाही.

यावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली, इशाऱ्यात नकारार्थी वाक्य टाळावे. ‘पुढे जाऊ नका’ऐवजी ‘थांबा’, ‘हात लावू नका’ऐवजी ‘गरम!’, ‘पाण्यात उतरू नका’ऐवजी ‘खोल!’ म्हणावे. दुसरी, धोक्याचे नाव आधी आणि कृती नंतर सांगावी. पुढचा शब्द ऐकू आला नाही तरी पहिल्या शब्दाने काम होते.

जपायला सांगणाऱ्या गटात मात्र भारतीय भाषांनी एक उत्तम सोय करून ठेवली आहे. ‘जपून’, ‘सांभाळून’, ‘बघून’ ही सगळी अपुरी रूपे आहेत. मुख्य क्रियापद, म्हणजे चाला, उतरा, या, ते गाळलेले असते. त्यामुळे शब्द आखूड होतो आणि ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’ हा प्रश्नही उरत नाही. आजीला आणि नातवाला एकच ‘जपून!’ चालते. हिंदीतले ‘संभलकर’ आणि ‘देख के’ याच घडणीचे. बंगालीत ‘देखे’, कानडीत ‘नोडकोंडु’, तमिळच्या बोलीत ‘पात्तु’ म्हणतात. या सगळ्यांचा गाभा ‘बघून’ असाच आहे. एका भारतीय भाषेतून दुसरीत इशारा नेताना म्हणूनच या रूपाच्या शोधात राहावे. ‘सावध राहा’ असे संपूर्ण आज्ञार्थी वाक्य कुठल्याच भाषेत तातडीचे वाटत नाही.

पाटीवरचा शब्द आणि तोंडातला शब्द

शब्दकोश बहुधा पाटीवरचा शब्द देतो. मराठीतच पाहता येईल. ‘सावधान’ हा शब्द पाटीवर शोभतो, कवायतीत आणि मंगलाष्टकांत ऐकू येतो. पण ओल्या फरशीवरून पाय सरकणाऱ्या बाईला कुणी ‘सावधान!’ म्हणत नाही. ‘अहो, जपून!’ म्हणतात. बाहेरून आलेल्या माणसाने कोशातला ‘सावधान’ पाठ करून ओरडला, तर ऐकणारा क्षणभर गोंधळून त्याच्याकडेच पाहील. इशाऱ्याचे काम त्या क्षणातच संपते.

तमिळमध्ये हाच फरक ‘एच्चरिक्कै’ आणि ‘पात्तु’ यांच्यात आहे. पहिला शब्द सूचनाफलकावरचा, दुसरा तोंडातला. विजेच्या डब्यावर तिथे ‘अबायम’ लिहिलेले असते. महाराष्ट्रात त्या जागी ‘धोका’ असतो. ‘अबायम’ म्हणजे आपला ‘अपाय’च. तो ऐकला तर मराठी माणसाला बरेचसे कळेल, पण पाटीवरची लिपी परकी असल्याने तो वाचूच शकत नाही. म्हणून त्या पाटीवरची कवटी आणि हाडे हीच त्याच्यासाठी खरी सूचना ठरते. पाटीच्या बाबतीत भाषेपेक्षा आकार आणि रंग शिकणे सोपे जाते. आंतरराष्ट्रीय सुरक्षा-चिन्हांत पिवळा त्रिकोण धोका सांगतो, तिरकी रेघ असलेले लाल वर्तुळ मनाई सांगते, निळे वर्तुळ काही करणे सक्तीचे असल्याचे सांगते आणि हिरवा चौकोन सुटकेची वाट दाखवतो. तोंडी इशाऱ्याला असा सोपा मार्ग नाही. तो कानानेच शिकावा लागतो.

रामेश्वरमचे उदाहरण

काशी-रामेश्वरची यात्रा करणारी मराठी कुटुंबे आजही पुष्कळ आहेत. रामेश्वरमला रामनाथस्वामी मंदिराच्या आवारात बावीस तीर्थे आहेत. त्यांतली बहुतेक विहिरींच्या रूपात आहेत. यात्रेकरू आधी समुद्रात, म्हणजे अग्नितीर्थात, स्नान करतात आणि ओल्या कपड्यांनीच आत येऊन एका विहिरीकडून दुसरीकडे जातात. प्रत्येक विहिरीशी माणूस बादलीने पाणी काढून डोक्यावर ओततो. दिवसभर हे चालते, त्यामुळे दगडी फरशी सतत ओली असते. पाय अनवाणी असतात, साडीचा ओला काठ पायात येतो आणि मध्येच एखादा उंबरठा किंवा पायरी लागते.

अशा जागी विहिरीवरचा माणूस ओरडतो, ‘पात्तु! वळुक्कुम!’ ‘वळुक्कुम’ म्हणजे घसरेल. तमिळ न येणारी व्यक्ती आवाजाच्या दिशेने मान वळवते. चालता चालता मान वळली की नजर फरशीवरून उठते आणि तोल जाण्याचा संभव वाढतो. म्हणजे न कळलेला इशारा नुसता फुकट जात नाही, तो उलट धोका वाढवतो. यावर उपाय सोपा आहे. परक्या जागी अनोळखी शब्दात कुणी ओरडले, तर आधी पाय थांबवावेत, मग खाली पाहावे आणि त्यानंतरच बोलणाऱ्याकडे पाहावे. एवढा क्रम अंगवळणी पडला तर शब्द न कळताही निम्मे काम होते.

आता उलट बाजू. पुढे चाललेल्या तमिळ वृद्धेला पायरी दिसलेली नाही आणि मागच्या मराठी बाईला ती दिसते आहे. तिला तीन शब्द पुरतात: ‘अम्मा! पडि! पात्तु!’ ‘अम्मा’ने लक्ष वेधले जाते. ही हाक आपल्यासाठी आहे, हे कळते. ‘पडि’ म्हणजे पायरी, त्यामुळे नजर खाली जाते. ‘पात्तु’ने कृती सांगितली जाते. पाय पुढे पडण्याच्या बेतात असेल तर मधला शब्द सोडून ‘अम्मा! निल्लुंग!’ म्हणजे ‘थांबा’ म्हणावे. ‘निल्लुंग’ हे आदराचे रूप आहे. घाईत ‘निल्लु’ एवढेच निघाले तरी कुणी रागवत नाही, कारण आवाजातली काळजी ऐकू येते. कढईजवळ किंवा दिव्याजवळ ‘सूडु’, म्हणजे गरम. पाण्याच्या काठी ‘आळम’, म्हणजे खोल. या दोन शब्दांतले ‘वळुक्कुम’ आणि ‘आळम’ यांतला ‘ळ’ तमिळमध्ये जीभ जरा मागे मुडपून, टाळूला न टेकवता म्हणतात. मराठी ‘ळ’ने म्हटला तरी प्रसंगावरून समजतो.

दिशा न सांगणारा इशारा

गौरीकुंडाहून केदारनाथला जाणारी पायवाट सुमारे 16 किलोमीटरची आहे. त्याच वाटेवरून चालणारे यात्रेकरू, खेचरे, दांडी आणि कंडी वाहणारी माणसे जातात. मागून ‘साइड! साइड!’, ‘बचके!’, ‘हटो!’ असे पुकारे सतत येत असतात. भाषा हिंदी असल्याने मराठी माणसाला शब्द कळतात. तरीही हा इशारा अपुरा आहे, कारण कुठली बाजू, ते त्यात नाही.

वाटेच्या एका अंगाला डोंगर असतो आणि दुसऱ्या अंगाला दरी. दचकलेला माणूस जवळच्या कडेला सरकतो. ती कड दरीची असेल, तर ओझ्याने रुंद झालेल्या खेचराचा किंवा दांडीच्या बांबूचा धक्का त्याला बाहेर ढकलू शकतो. डोंगराच्या अंगाला उभे राहिलेल्या माणसाला तोच धक्का फार तर कातळावर दाबतो. म्हणून पुकारा ऐकताच डोंगराकडे सरकून पाठ कातळाला लावावी आणि जनावर पूर्ण पुढे जाईपर्यंत तिथेच राहावे. सोबत्यांना ओरडून सांगायचे असेल तर ‘बाजूला’ हा शब्द पुरत नाही, ‘डोंगराकडे!’ म्हणावे. हिंदी बोलणाऱ्या सहयात्रेकरूला ‘पहाड़ की तरफ़!’ म्हणावे. डावीकडे-उजवीकडे म्हणू नये, कारण वर जाणाऱ्याची डावी बाजू ही खाली येणाऱ्याची उजवी असते आणि अशा वाटेवर दोघेही समोरासमोर असतात.

वाट मोकळी करायला लावणारे शब्द बहुधा अशाच पुनरावृत्तीने शिकले जातात. तिरुमलाच्या देवळात गाभाऱ्यासमोर रांग पुढे सरकवणारे सेवक ‘जरगंडि, जरगंडि’ म्हणत असतात. तेलुगूचा एकही शब्द न येणारे मराठी भाविक तिथून परतताना हा एक शब्द पक्का घेऊन येतात. ‘सरका’ असा त्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितलेला नसतो. शब्द, आवाज आणि हाताचा इशारा एकाच वेळी वारंवार भेटल्याने तो कळतो. थांबवणारे आणि जपायला सांगणारे शब्द इतक्या वेळा कानावर पडत नाहीत, म्हणून ते मुद्दाम विचारून घ्यावे लागतात.

देशाबाहेर

भारताबाहेर इशाऱ्याची घडण बदलते. जपानीत ‘अबुनाइ!’ हा उद्गार सर्वत्र चालतो. त्याचा अर्थ ‘धोक्याचे’ एवढाच आहे. तो विशेषण असल्याने जपानीतल्या आदराच्या पायऱ्यांचा प्रश्न तिथे आड येत नाही. पायाशी पायरी असेल तर ‘आशिमोतो!’, म्हणजे ‘पायाशी’, असे म्हणता येते. स्पॅनिशमध्ये ‘कुइदादो!’ हा एकच शब्द काळजी घ्यायला सांगतो. जर्मन भाषेत दुकानांच्या आणि घरांच्या दारांवर लावतात ती पायरीची पाटी दोनच शब्दांची असते: आधी सावधगिरीचा शब्द, मग ‘पायरी’. वाक्य नाहीच.

मोरोक्कोतल्या फेझ शहराच्या जुन्या भागात गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की तिथे मोटारी जात नाहीत, माल खेचरांवरून आणि गाढवांवरून जातो. त्यांचे हाकारे ‘बालक! बालक!’ असे ओरडतात. मराठी कानाला ते लहान मुलाचे नाव वाटते, पण त्याचा अर्थ ‘लक्ष असू द्या, वाट द्या’ असा आहे. तो ऐकला की भिंतीला चिकटायचे असते. शब्दाचा अर्थ आपल्या भाषेच्या आधाराने लावायला गेलेला प्रवासी इथे खेचराच्या वाटेत उभा राहतो.

इशारा नीट बसला का, हे कसे ओळखावे

एखादा शब्द खरोखर इशाऱ्याचे काम करतो की नाही, याची परीक्षा सोपी आहे. त्या भाषेच्या माणसाला ‘या शब्दाचा अर्थ काय’ असे विचारू नये, कारण पाटीवरच्या शब्दाचाही अर्थ तो बरोबरच सांगेल. त्याला प्रसंग सांगावा. ‘तुमचे मूल धावत पायरीकडे चालले आहे, तुम्ही काय ओरडाल?’ असे विचारावे. त्यावर तो क्षणाचाही विचार न करता जे म्हणेल, ते पाठ करण्याजोगे. तो थांबून आठवू लागला, तर सांगितलेला शब्द बहुधा पुस्तकी असतो. मग तोच शब्द आपण म्हणून दाखवावा आणि ऐकणाऱ्याची नजर कुठे जाते ते पाहावे. नजर जमिनीकडे गेली तर उच्चार जमला. चेहऱ्याकडे आली तर अजून जमलेला नाही.

शब्दांना मर्यादाही आहेत. मोठ्या आवाजात किंवा कमी ऐकू येणाऱ्या माणसापुढे ते पोचत नाहीत, तिथे उघडा तळहात पुढे धरणे जास्त भरवशाचे. बारीकसारीक गोष्टीला प्रत्येक वेळी ओरडत राहिले, तर सोबती लवकरच लक्ष देईनासे होतात आणि खऱ्या धोक्याच्या वेळी इशारा बोथट ठरतो. म्हणून थांबवणारा शब्द राखून ठेवावा आणि जपायला सांगणारा शब्दही गरज असेल तेव्हाच वापरावा.

परक्या मुलुखात निघताना शंभर वाक्यांची यादी लागत नाही. थांबा, जपून, बाजूला, पायरी आणि घसरेल, या पाच गोष्टींसाठी तिथली माणसे तोंडाने काय म्हणतात, ते पोचल्या दिवशीच मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्यावे, घरातल्या वडीलधाऱ्यांसह सर्वांनी मोठ्याने म्हणून पाहावे आणि बोलता येण्याइतकेच ते ओळखता येतील याची खात्री करावी.